तीन ग्लासांची स्लाइड: ठिबक प्रशिक्षणाच्या चित्रमय आराखड्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या एका सहकारी उपसा जलसिंचन संस्थेचे हे प्रकरण आहे. संस्थेचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. सभासदांचे मुख्य पीक ऊस. पाणी नदीतून उचलून पाइपलाइनने शिवारात येते, आणि उन्हाळ्यात ते कमी पडले की काही जण बोअरचे पाणी त्यात मिसळतात. बहुतेक प्लॉटवर 16 मिमीची इनलाइन नळी आहे, म्हणजे ड्रिपर नळीच्या आतच बसवलेले. ड्रिपर दर 40 सेंटिमीटरवर, ताशी 4 लिटरचे, आणि दोन नळ्यांमधले अंतर पाच फूट, म्हणजे साधारण दीड मीटर.

पहिल्या वर्षी ठिबक उत्तम चालले. दुसऱ्या वर्षी, खोडव्यात, सरीच्या टोकाकडचा ऊस पिवळा पडू लागला. सभासदांनी आपापल्या परीने उपाय केले. कुणी सुईने ड्रिपर टोचले, कुणी फिल्टरची जाळी काढून ठेवली, तर कुणी नळीच्या टोकाचे बूच काढून पाणी सरळ सरीत सोडले. तिन्ही उपायांनी त्या दिवशी पाणी वाढल्यासारखे दिसते आणि पुढच्या महिन्यात दुखणे वाढते. टोचलेल्या ड्रिपरमधून जास्त पाणी जाते आणि शेजारचे ड्रिपर उपाशी राहतात. जाळी काढली की नदीचा गाळ थेट नळीत जातो. बूच काढले की दाब पडतो आणि ठिबक राहत नाही, पाटपाणी होते.

संस्थेने अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण ठरवले. येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक पन्नाशीपुढचे होते. काहींना वाचता येत नव्हते, काहींचा चष्मा घरी राहणार होता. शिवाय बऱ्याच घरांत फिल्टर धुण्याचे काम बायकांकडे असते, त्याही येणार होत्या. त्यामुळे स्लाइडवर चित्रे जास्त आणि शब्द मोजके हवेत, एवढे सुरुवातीलाच पक्के झाले.

अडचण

पहिल्या आराखड्यात 46 स्लाइड होत्या. ठिबक म्हणजे काय, किती पाणी वाचते, संचाचे सर्व भाग, अनुदानाची टक्केवारी, अर्जाची कागदपत्रे, खतांचे वेळापत्रक, देखभाल, असा सगळा पसारा त्यात होता. चित्रे कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून घेतलेली होती. हिरव्या शेतात चकचकीत फिल्टर, आणि नळीचा आडवा छेद दाखवणारी रंगीत रेखाचित्रे.

प्रशिक्षणाआधी सहा सभासदांना हा आराखडा दाखवला. पद्धत साधी होती. चित्र लावायचे, शब्द झाकायचे आणि विचारायचे, "काय दिसतंय?" उत्तर चुकले तरी दुरुस्त करायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे. अर्ध्या तासात चार गोष्टी उघड झाल्या.

ड्रिपरचा आतला नागमोडी मार्ग दाखवणारे मोठे छायाचित्र पडद्यावर आले तेव्हा एकाने तो सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या पाइपचा, तुकडा आहे असे सांगितले, दुसऱ्याने पंपाचा पार्ट. नखाएवढी वस्तू भिंतीएवढी झाली की तिची ओळख सुटते. आडव्या छेदाच्या रेखाचित्राचा अर्थ कुणालाच लागला नाही, कारण नळी मधून चिरलेली प्रत्यक्षात कुणी बघत नाही. चुकीच्या कृतीवर लाल फुली मारली होती. ती नेमकी बघायच्या जागेवर आल्याने खालचे काही दिसेना. आणि चूक-बरोबर दाखवायला शेजारी शेजारी ठेवलेली दोन चित्रे बहुतेकांनी "आधी असं, मग असं" अशी क्रमाने वाचली. म्हणजे चुकीची कृती त्यांच्या लेखी पहिली पायरी ठरली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता 46 स्लाइड कापून 25 करण्याचा, विषय तेच ठेवून. दुसरा, स्लाइड सोडून थेट प्लॉटवर जाण्याचा. शिकवण्याच्या दृष्टीने दुसरा उत्तम, पण साठ माणसे एका फिल्टरभोवती उभी राहिली तर मागच्या पन्नास जणांना पाठीच दिसतात. तिसरा पर्याय एकच प्रश्न धरण्याचा होता: टोकाला पाणी का कमी पडते? त्या प्रश्नाला लागतील तेवढीच चित्रे हॉलमध्ये दाखवायची आणि नंतर वीस-वीसच्या तुकड्या करून प्लॉटवर जायचे.

तिसरा पर्याय निवडला. त्यासाठी बरेच काही सोडावे लागले. अनुदानाचा भाग गाळण्यावरून सर्वांत जास्त वाद झाला, कारण सभासदांचे पहिले प्रश्न त्यावरच असतात. पण नेमके तेच कारण तो गाळण्याचे होते. अनुदानाची एक स्लाइड लागली की उरलेला वेळ कागदपत्रांच्या चर्चेत जातो. त्यासाठी बाहेर वेगळे टेबल ठेवले. रोज किती वेळ पाणी द्यायचे हा विषयही पुढच्या सत्रावर ढकलला. या प्लॉटच्या मांडणीत तासाला साधारण साडेसहा मिलिमीटर पाणी पडते, म्हणून पाच मिलिमीटरची दैनंदिन गरज पाऊण तासातच भागते. हा हिशोब शांतपणे बसून करायचा आहे. आणि टोकाला पाणी पोहोचतच नसेल तर तो करून उपयोगही नाही.

कणा: तीन ग्लास

नव्या आराखड्याचा सगळा भार एका चित्रावर ठेवला. एकाच नळीवरचे तीन ड्रिपर, सुरुवातीचा, मधला आणि टोकाचा. त्यांच्याखाली तीन मिनिटे ठेवलेले तीन पारदर्शक ग्लास नंतर एका फळीवर ओळीने मांडले. ताशी 4 लिटरचा ड्रिपर नीट चालत असेल तर तीन मिनिटांत 200 मिली पाणी देतो. ग्लासावर त्या पातळीला लाल चिकटपट्टी लावली. आकडा वाचता आला नाही तरी पाणी पट्टीला टेकले की नाही, हे मागच्या रांगेतूनही दिसते.

या चित्राची तीन रूपे घेतली. पहिल्यात टोकाचा ग्लास अर्धा आणि बाकी दोन भरलेले: टोकाला गाळ बसला आहे, किंवा नळी ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त ओढली आहे. दुसऱ्यात तिन्ही ग्लास सारखेच कमी: दुखणे नळीत नाही, मागे आहे. फिल्टर तुंबला आहे, कुठे गळती आहे किंवा एका वेळी जास्त व्हॉल्व्ह उघडले आहेत. तिसऱ्यात कुठलाही एक ग्लास रिकामा आणि त्याच्या आजूबाजूचे ठीक: त्या ड्रिपरच्या तोंडाशी क्षार किंवा मुळी अडकली आहे. बोअरचे पाणी मिसळणाऱ्यांकडे हे जास्त दिसते, आणि नळीवर ड्रिपरच्या तोंडाला पांढरा थर असतो.

दुसऱ्या रूपात तिन्ही ग्लास 140 मिलीवर होते. हे पाणी फार कमी वाटत नाही, म्हणून प्रशिक्षकाच्या टिपणात एक ओळ घातली: साध्या ड्रिपरमध्ये दाब निम्मा झाला तरी पाणी निम्मे होत नाही, सुमारे सत्तर टक्के राहते. म्हणजे ग्लास दोन बोटे खाली असला तरी दाब अर्ध्यावर आलेला असू शकतो. दाब भरपाई करणाऱ्या ड्रिपरला हा हिशोब लागू नाही. तिथे दाब बराच घसरेपर्यंत ग्लास भरलेलेच दिसतात. या संस्थेच्या प्लॉटवर तसे ड्रिपर नव्हते, पण दुसरीकडे हा आराखडा वापरताना आधी ते बघावे.

पाणी गोळा करण्यातही एक खाच आहे. जमिनीवरच्या नळीतून निघालेला थेंब खाली न पडता नळीच्या पोटावरून घसरत पुढे जातो आणि ग्लास रिकामा राहतो. ड्रिपरच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर सुतळीचा एकेक वेढा बांधला की थेंब तिथेच गळतो. ग्लासापुरता खड्डा करून तो नळीखाली ठेवायचा, नळी उचलून धरायची नाही. सुतळीच्या वेढ्याचे जवळून घेतलेले छायाचित्र स्वतंत्र स्लाइड म्हणून ठेवले. हॉलमधल्या सर्वांनी घरी जाऊन करायची कृती ती हीच.

छायाचित्रे कशी घेतली

सगळी छायाचित्रे सभासदांच्याच प्लॉटवर, सकाळी नऊच्या आत, मोबाइलने घेतली. पहिल्या दिवसाची जवळपास सगळी फुकट गेली, कारण काळ्या मातीवर काळी नळी दिसतच नाही. नंतर प्रत्येक वस्तूच्या मागे पांढरे पोते अंथरले. लहान वस्तू नेहमी तळहातावर किंवा दोन बोटांत धरून टिपली, म्हणजे आकार कळतो. ड्रिपर आतून दाखवायचा होता तेव्हा आधी हातात धरलेली नळी दाखवली, मग तीच नळी चिरलेली, अंगठ्याच्या नखाशेजारी. या दोन पायऱ्यांनंतर सहाही जणांनी ड्रिपर ओळखला.

फिल्टरच्या छायाचित्रांत हात बाईचे होते. धुणारे हात जसे असतात तसेच दाखवायचे ठरले होते.

लाल फुली पूर्ण काढून टाकली. चुकीची कृती आणि बरोबर कृती वेगवेगळ्या स्लाइडवर ठेवली. चुकीची आधी लावायची, "इथे काय बिघडेल?" असे विचारायचे, उत्तरे येऊ द्यायची आणि मगच पुढची स्लाइड. बाण ठेवले, पण रेखाचित्रात नव्हे. खऱ्या फिल्टरच्या छायाचित्रावर जाड पिवळे बाण, पाणी कुठून कुठे जाते ते दाखवणारे.

अंतिम आराखडा

स्लाइड चौदा राहिल्या. अकरावी सोडून प्रत्येकीवर एक छायाचित्र, आणि शब्द असलेच तर तीनपर्यंत, सभासद बोलतात तेच: नळी, बूच, जाळी, चोकअप.

1. पिवळा पडलेला टोकाचा ऊस आणि मागे हिरवा ऊस, एकाच चौकटीत. शब्द नाहीत.
2. सुतळीचे दोन वेढे, खाली ग्लास. "तीन मिनिटं".
3. तीन ग्लास, टोकाचा अर्धा.
4. तीन ग्लास, सगळे कमी.
5. तीन ग्लास, मधला रिकामा.
6. हातात नळी.
7. तीच नळी चिरलेली, आत गाळ, शेजारी नख.
8. जाळी काढलेला फिल्टर. "पुढं काय होईल?"
9. वाळूचा फिल्टर, पिवळे बाण, नेहमीचा प्रवाह.
10. तोच फिल्टर, व्हॉल्व्हच्या दांड्या फिरवलेल्या, बाण उलटे. "उलटं धुणं".
11. पांढऱ्या बादलीत गढूळ पाणी, मग त्याच बादलीत स्वच्छ पाणी.
12. दोन प्रेशर गेज, फिल्टरच्या आधीचे आणि नंतरचे, काटे वेगळे. "फरक बघा".
13. सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडलेला. "आधी हे".
14. चार नळ्यांची बुचे काढलेली, खाली पांढरे ताट. "मग हे".

तेराव्या आणि चौदाव्या स्लाइडचा क्रम बदलायचा नाही. आधी फिल्टर, मग मेन, मग सबमेन आणि शेवटी नळ्या. सबमेन साफ न करता नळ्या उघडल्या तर सबमेनमधला गाळ नळ्यांत ओढला जातो आणि धुण्यानेच चोकअप होतो. चारच नळ्या का, हेही त्याच चित्रातून सांगता येते. सगळी बुचे एकदम उघडली तर प्रत्येक नळीतले पाणी मंदावते आणि तळाला बसलेला गाळ उचलला जात नाही. चार-पाच उघडायच्या, ताटात पडणारे पाणी नितळ दिसेपर्यंत वाहू द्यायचे, बुचे लावायची आणि पुढच्या चार. नदीच्या पाण्यावर हे आठवड्याला, पावसाळ्यात गढूळ पाणी असताना त्याहून लवकर.

बाराव्या स्लाइडला प्रशिक्षकाने एक आकडा तोंडी सांगायचा: दोन गेजमधला दाबाचा फरक चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या वर गेला की वाळूचा फिल्टर उलटा धुवायचा. आकडा स्लाइडवर मुद्दाम लिहिला नाही. त्याऐवजी नुकत्याच धुतलेल्या फिल्टरवर काटा जिथे असतो तिथे प्रत्येकाने आपल्या गेजच्या काचेवर रंगाचा ठिपका लावायचा, असे ठरले.

ॲसिडची स्लाइड: सर्वांत कठीण निर्णय

तिसऱ्या रूपातला रिकामा ग्लास, म्हणजे क्षार. त्यावर उपाय ॲसिड प्रक्रिया. त्यामुळे ॲसिडच्या चार स्लाइड आधी तयार झाल्या होत्या: बादलीत पाणी, ॲसिडचा कॅन, ते नळीच्या पाण्यात ओढून घेणारी व्हेंच्युरी, आणि टोकाच्या पाण्यात बुडवलेला लिटमस कागद.

चाचणीत त्या सहा जणांना विचारले, "बादलीत आधी काय घातलं?" तिघांनी पाणी सांगितले, तिघांनी ॲसिड. इथेच या स्लाइडचा निकाल लागला. ॲसिड नेहमी पाण्यात सोडायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. उलटे झाले तर एकदम उष्णता निर्माण होऊन ॲसिड तोंडावर उडते. चित्राला वस्तू दाखवता येते, क्रमाची सक्ती करता येत नाही. शिवाय ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरायचे असेल तर ते ॲसिडसोबत एकाच वेळी चालत नाही, विषारी वायू तयार होतो. "हे दोन्ही एकत्र नको" हे दाखवायला दोन्ही डबे एका चित्रात ठेवावे लागतात, आणि नुसते चित्र पाहणारा ते एकत्र वापरायचे आहेत असा अर्थ काढू शकतो.

एक बाजू अशी होती की मोठा लाल इशारा लिहून स्लाइड ठेवावी. दुसरी बाजू अशी की वाचता न येणाऱ्यासाठी तो इशारा नाहीच. चारही स्लाइड काढल्या. ॲसिड प्रक्रिया फक्त प्लॉटवर, हातमोजे आणि गॉगल घालून, प्रत्यक्ष करून दाखवायची असे ठरले. प्रमाणही तिथेच काढले. एक लिटर पाण्यात मापून ॲसिड टाकत पीएच 4 येईपर्यंत किती लागते ते पाहायचे. त्या प्लॉटवर लिटरला सुमारे 1 मिली लागले. अर्ध्या एकराच्या भागात तासाला साधारण 13,500 लिटर पाणी जाते, म्हणजे पंधरा मिनिटांत 3,375 लिटर, म्हणून ॲसिड सुमारे 3.4 लिटर. प्रत्येकाच्या पाण्याला हा आकडा वेगळा येतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलायचा नाही. ॲसिडचे पाणी टोकापर्यंत पोहोचले की पंप बंद करून एक दिवस नळीत राहू दिले, आणि दुसऱ्या दिवशी नळ्या धुतल्या.

प्रशिक्षणाचा दिवस

हॉलच्या खिडक्यांना पडदे नव्हते. ते आधी पाहून ठेवल्यामुळे 1, 3, 4, 5, 10 आणि 14 या सहा स्लाइड तीन फूट बाय दोन फूट फ्लेक्सवर छापून नेल्या होत्या. वीज अकराला गेली आणि दुपारपर्यंत आली नाही. बाकीचे सत्र फ्लेक्सवरच झाले, आणि नंतर तेच फ्लेक्स प्लॉटवर ऊसाला टेकवून उभे करता आले.

आठव्या स्लाइडवर, जाळी काढलेल्या फिल्टरवर, सर्वांत जास्त वेळ गेला, कारण ते करणारे बरेच जण समोर बसले होते. प्रश्न विचारून थांबण्याची रीत इथे उपयोगी पडली. कुणाला चूक म्हणावे लागले नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी सातव्या स्लाइडकडे परत बोट दाखवले: "तो गाळ इथनंच गेलाय."

निष्पत्ती

दीड महिन्याने चोवीस प्लॉट पाहिले. एकोणीस जणांनी नळ्या किमान दोनदा धुतल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी टोकाचा ग्लास पट्टीच्या जवळ आला होता. सुतळीचे वेढे बऱ्याच नळ्यांवर तसेच ठेवलेले होते, म्हणजे तपासणी चालू होती. काढून ठेवलेल्या जाळ्या सगळ्या परत बसल्या.

गेजची स्लाइड मात्र वाया गेली. चोवीसपैकी सोळा ठिकाणी किमान एक गेज बंद होते. काटा अडकलेला किंवा काचेत पाणी शिरलेले. ज्यांचे गेज मेलेले होते त्यांनी रंगाचा ठिपका लावला, पण काटा हलेच ना, त्यामुळे फिल्टर स्वच्छ आहे असा समज झाला. दोन प्लॉटवर याच समजुतीपायी वाळूचा फिल्टर महिनाभर धुतला गेला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

बाराव्या स्लाइडआधी एक स्लाइड हवी होती: पंप बंद, आणि तरी काटा शून्यावर न आलेले गेज. पंप बंद असताना आणि चालू असताना काटा एकाच जागी असेल तर ते गेज बदलायचे, हे ठिपका लावण्याआधी कळायला हवे. छायाचित्रे घेताना मुद्दाम चालू गेज निवडले गेले, कारण ते चांगले दिसत होते. बंद गेज चौकटीबाहेर ठेवण्यातच चूक झाली.

दुसरी गोष्ट विजेची. या भागात शेतीची थ्री फेज वीज अनेक आठवड्यांत रात्री असते. नळ्या धुण्याची छायाचित्रे सगळी सकाळच्या उजेडातली होती, पण काही जण प्रत्यक्षात रात्री अकराला बुचे उघडत होते, आणि पाणी नितळ झाले की नाही हे अंधारात न कळल्याने मिनिटभरातच लावून टाकत होते. चौदाव्या स्लाइडचे छायाचित्र बदलून आता रात्रीचे घेतले आहे: पांढरे ताट, त्यावर तिरका धरलेला टॉर्च, आणि ताटाच्या तळाशी बसलेली गाळाची रेघ.

तिसरे, सामायिक फिल्टर चालवणारे पंपावरचे दोन कामगार सभासद नसल्याने बोलावलेच गेले नव्हते. ज्या गटांत फिल्टर सामायिक आहे तिथे तिन्ही ग्लास सारखेच कमी येत राहिले. पुढच्या वेळी स्लाइड 9 ते 12 त्यांच्यासाठी पंपघरातच, फ्लेक्स भिंतीला टांगून, वेगळ्या दाखवायच्या ठरल्या आहेत.